सातवीसाठी स्थायू, द्रव, वायू : तीन कडवी, एक चाल आणि न चुकणारे विज्ञान

प्रश्न : सातवीच्या मुलांसाठी स्थायू, द्रव आणि वायू यांतला फरक सांगणारी यमकातली तीन कडवी करायची आहेत, प्रत्येक अवस्थेला एक. द्रवाचे कडवे असे जमले : “द्रवाचे कण थोडे दूर, / भांड्यामध्ये भरतो पूर, / ना तो कठीण, ना तो विरळ, / वाहत जातो सरळ सरळ.” मुलांना आवडले, पण म्हणताना अडखळतात. शिवाय एका सहकाऱ्याने सांगितले की यातले विज्ञान बरोबर नाही. विज्ञान सुधारायला गेले की यमक जाते. काय करावे?

उत्तर : तुमचे सहकारी बरोबर आहेत आणि मुलेही उगाच अडखळत नाहीत. दोन्ही तक्रारी वेगळ्या दिसल्या तरी त्यांची दुरुस्ती एकाच जागी आहे, म्हणून आधी विज्ञान पाहू.

“थोडे दूर” हे शब्द घातले की आपण नकळत एक जिना बांधतो : स्थायूत कण जवळ, द्रवात थोडे दूर, वायूत फार दूर. तीन पायऱ्या, सारख्या उंचीच्या. कवितेला हा जिना फार सोयीचा वाटतो, पण निसर्गात तो तसा नाही. द्रवातले कण जवळजवळ स्थायूइतकेच खेटून असतात. मेण वितळले की त्याचे आकारमान थोडेसेच वाढते. बर्फाचे तर उलटेच होते. तो वितळून पाणी झाला की कमी जागेत बसतो, म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो. आता पाण्याची वाफ होते तेव्हा काय घडते पाहा. 100 अंश सेल्सिअसला 1 मिलिलीटर पाण्याची वाफ सुमारे 1700 मिलिलीटर जागा व्यापते. लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना हा फरक वाटला, तर दोन कणांमधले अंतर साधारण बारा पट झाले. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या जवळजवळ एकाच पातळीवर आहेत आणि तिसरी थेट गच्चीवर.

मग द्रव आणि स्थायू यांत फरक कशाचा? हालचालीचा. स्थायूतला कण जागच्या जागी थरथरतो, द्रवातला कण शेजाऱ्यांना खेटूनच पण सरकत जातो. त्यामुळे द्रवाला स्वतःचा आकार राहत नाही, आकारमान मात्र राहते. अंतराच्या बाबतीत द्रव स्थायूचा सख्खा भाऊ आणि वाहण्याच्या बाबतीत वायूच्या बाजूचा. तुमच्या तिन्ही कडव्यांनी हे साम्य आणि हा फरक योग्य जागी दाखवला की काम झाले.

तुमच्या कडव्यातल्या बाकी ओळींतही यमकाने विज्ञानाला ओढत नेले आहे. “दूर”ला जोडी हवी म्हणून “पूर” आला, आणि त्याच्या मागून “भांड्यामध्ये भरतो” आले. पण भांडे भरून टाकणे हा वायूचा गुण आहे. अर्धा पेला पाणी अर्धाच पेला राहते. “ना तो कठीण, ना तो विरळ” ही ओळ द्रव काय नाही ते सांगते, काय आहे ते सांगत नाही. “सरळ सरळ” तर केवळ “विरळ”साठी आले आहे.

आता अडखळण्याकडे येऊ. तुमच्या ओळींच्या मात्रा मोजल्या तर 14, 15, 15, 14 अशा येतात. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर त्या मागच्या अक्षराच्याही दोन, एवढा नियम पुरतो. मुले मात्रा मोजत नाहीत, पण टाळी वाजवतात. टाळीला अक्षर कमी पडले की कुणी थांबते, कुणी पुढे पळते, आणि पाठांतर फुटते. म्हणून मी 16 मात्रांची ओळ सुचवेन, आठ आणि आठ अशी मोडणारी. याला पादाकुलक म्हणतात. केरवा तालाचे आवर्तन आठ मात्रांचे असल्याने एका ओळीत दोन आवर्तने अचूक बसतात आणि चाल वेगळी लावावी लागत नाही. दर चार मात्रांना एक टाळी, म्हणजे ओळीला चार टाळ्या.

या वृत्तात एक सोय आयतीच मिळते. “आकारमान” या शब्दाच्या मात्रा मोजा : आ दोन, का दोन, र एक, मा दोन, न एक. बरोबर आठ. म्हणजे विषयातला सर्वांत अवघड शब्द ओळीचा पहिला अर्धा भाग एकटाच भरतो. “आकाराला” हाही आठ मात्रांचा. मी लिहायला बसताना पहिल्या ओळीपासून सुरुवात करत नाही. असे पारिभाषिक शब्द आधी त्यांच्या जागी ठेवतो आणि यमक त्यांच्या भोवती शोधतो. उलट केले की यमक जागा अडवते आणि विज्ञानाच्या वाट्याला उरलेसुरले येते.

दुसरी गोष्ट रचनेची. फरक दाखवायचा तर तिन्ही कडव्यांनी तेच प्रश्न त्याच क्रमाने घ्यायला हवेत. एका कडव्यात आकार, दुसऱ्यात वाहणे आणि तिसऱ्यात वास असे घेतले तर तीन वर्णने होतात, तुलना होत नाही. मी प्रश्न तीनच घेतो आणि प्रत्येकाला दोन ओळी देतो. भांडे बदलले तर आकाराचे काय? कण काय करतात? दाबले तर आकारमानाचे काय? या आराखड्यावर तुमच्यासाठी केलेली कडवी अशी :

स्थायू
बशीत ठेवा, खिशात घाला,
सोडत नाही आकाराला.
खेटुन खेटुन थरथरती कण,
जागा सोडुन जाती ना पण.
जोर लावुनी दाबा, काही
आकारमान घटणे नाही.

द्रव
पेल्यामध्ये पेला झालो,
परात दिसली, पसरत आलो.
खेटुनही कण सरकत जाती,
शेजाऱ्यांची बदलत नाती.
जोर लावुनी दाबा, कळते,
आकारमान तरी न ढळते.

वायू
झाकण उघडा, खोली भरतो,
कोपऱ्यातही जाउन शिरतो.
लांब लांब कण सुसाट पळती,
भिंतीवरती धडकुन वळती.
जोर लावुनी दाबा, पटते,
आकारमान झरझर घटते.

एक ओळ मोजून दाखवतो, म्हणजे पुढे तुम्हाला स्वतः बदल करता येतील. “खेटुनही कण” : खे दोन, टु एक, न एक, ही दोन, क एक, ण एक, झाले आठ. “सरकत जाती” : स, र, क, त प्रत्येकी एक, जा दोन, ती दोन, पुन्हा आठ. “कोपऱ्यातही” मोजताना मात्र एक खाच आहे. ऱ्या हे जोडाक्षर असले तरी आधीच्या प वर आघात येत नाही, म्हणून प ची एकच मात्रा धरायची. उलट “पेल्यामध्ये” यातल्या म वर आघात येतो, त्याच्या दोन. लिहिलेले पाहून ठरवू नका, मोठ्याने म्हणून ठरवा.

“खेटुन”, “सोडुन”, “जाउन” ही रूपे वृत्तासाठी ऱ्हस्व केली आहेत. फळ्यावर कविता लिहाल तेव्हा तशीच लिहा, पण त्याच तासाला “खेटून, सोडून, जाऊन” ही नेहमीची रूपे बाजूला लिहून ठेवा. नाहीतर मुले उत्तरपत्रिकेत ऱ्हस्व लिहितील आणि भाषेचे शिक्षक तुमच्याकडे येतील, तेही रास्तच.

आता ही कडवी अशीच का, ते सांगतो, कारण तुम्ही यात फेरफार करणारच आणि कुठे हात लावायचा नाही हे माहीत हवे.

“खेटुन” हा शब्द स्थायू आणि द्रव या दोन्ही कडव्यांत मुद्दाम एकाच जागी, तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला आहे. वायूत त्याच जागी “लांब लांब” येते. तीन गटांनी तीन कडवी एकामागोमाग म्हटली की कानाला आपोआप कळते की पहिले दोन एका बाजूचे आहेत आणि तिसरा वेगळा. शेवटच्या दोन ओळींतही तेच. “जोर लावुनी दाबा” आणि “आकारमान” ही दोन्ही सुरुवाती तिन्हीकडे सारख्या आहेत, फक्त शेपूट बदलते : घटणे नाही, तरी न ढळते, झरझर घटते. इथे कुणी म्हणेल, स्थायू आणि द्रव यांचे उत्तर सारखेच आले, मग फरक कुठे राहिला? सारखेच यायला हवे. दाबण्याच्या प्रश्नावर ते दोघे खरोखर सारखे वागतात. पाण्यावर वातावरणाच्या शंभर पट दाब दिला तरी त्याचे आकारमान अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घटते. तिथे “द्रव थोडा दबतो” असे लिहून तीन वेगळी उत्तरे तयार केली की तो जिना परत आला.

“थरथरती” काढू नका. बऱ्याच कवितांत स्थायूचे कण “स्तब्ध” किंवा “शिस्तीत उभे” असतात. मग पुढे उष्णता शिकवताना, तापवल्यावर कण जास्त हलतात हे सांगायचे तर आधी ते हलत होते हेच मुलांना मान्य नसते. “शेजाऱ्यांची बदलत नाती” ही ओळही मोलाची आहे. द्रवातले कण एकमेकांना सोडून उडत नाहीत, फक्त शेजारी बदलतात, एवढे सातवीला पुरते. आंतररेण्वीय बल वगैरे शब्द इथे आणायची गरज नाही.

“पेल्यामध्ये पेला झालो” या ओळीत मात्र एक धोका आहे आणि तो मला पूर्ण टाळता आलेला नाही. पेल्याचा आकार घेतो म्हणजे पेला भरतो असे मुलांना वाटू शकते. त्यावर उपाय कवितेबाहेरचा आहे. कडवे पाठ झाल्यावर वहीत दोन सारखे बंद डबे काढायला सांगा. एकात अर्धा डबा पाणी रंगवायचे, दुसऱ्यात डब्याच्या निम्म्या आकारमानाएवढा वायू सोडला असे समजून तो रंगवायचा. पाण्याचा रंग काठापर्यंत नेणारे मूल पहिल्या ओळीत फसले आहे. वायू तळाशी अर्धा रंगवणारे मूल “खोली भरतो” हे पाठ म्हणते आहे, समजून नाही.

कणांचे चित्र काढायला लावाल तर तीन सारखे चौकोन घ्या. पहिल्यात 16 गोल चार-चारच्या ओळींत, एकमेकांना टेकलेले. दुसऱ्यात 15 गोल, तेही टेकलेले, पण ओळी मोडलेल्या. तिसऱ्यात एक किंवा दोन. खऱ्या प्रमाणात वायूच्या चौकोनात एखादाही गोल येणार नाही, पण चित्राला तेवढी सूट द्यावी. गोलांचा आकार तिन्हीकडे सारखाच हवा. मुले वायूचे गोल मोठे काढतात, कारण वायू प्रसरण पावतो म्हणजे कण फुगतात असे त्यांना वाटते. अंतर वाढते, कण तेवढाच राहतो, हे तिथल्या तिथे सांगून टाका. आणि दुसरा चौकोन तपासताना गोलांमध्ये मोकळी जागा दिसली तर खोडून परत काढायला लावा; फळ्यावर घाईत काढलेल्या चित्रात आपणही हीच चूक करतो.

शेवटच्या दोन ओळी करून पाहण्यासारख्या आहेत. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली 10 मिलिलीटरची सिरिंज आणा. दट्ट्या 10 च्या खुणेपर्यंत ओढा, तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या ढकला. हवा निम्म्यापर्यंत सहज दबते आणि हात सोडला की दट्ट्या मागे येतो. तो मागे 10 पर्यंत आला नाही तर अंगठ्याखालून हवा निसटली आहे, किंवा दट्ट्याचे रबर कोरडे पडून अडकते आहे. रबराला पाण्याचे बोट लावून पुन्हा करा. मग तीच सिरिंज पाण्याने भरा. दट्ट्या हलायला नको. हललाच तर आत बुडबुडा राहिला आहे. तोंड वर धरून टिचक्या मारल्या की बुडबुडा वर येतो, तो बाहेर काढून मग अंगठा लावा. ही पायरी चुकली की मुले “पाणी थोडे दबते” असा निष्कर्ष काढतात, आणि तो निष्कर्ष कवितेपेक्षा पक्का बसतो, कारण तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. द्रवातले कण खरेच “थोडे दूर” असते तर ती मोकळी जागा दट्ट्याने भरून काढली असती. तुमच्या जुन्या ओळीचे खंडन करायला यापेक्षा सोपा मार्ग नाही.

वायूच्या पहिल्या दोन ओळींसाठी अत्तराची बाटली उघडून खोलीच्या एका कोपऱ्यात ठेवा आणि वास आला की हात वर करायला सांगा. पंखा बंद ठेवा, नाहीतर वास कण पोहोचवतात की वारा ते कळणार नाही. पंखा बंद असला तरी खोलीतली हवा थोडी हलतेच, त्यामुळे किती सेकंदांत कुठे पोहोचला यावरून कणांचा वेग काढायच्या भानगडीत पडू नका. अगरबत्तीचा धूर वायू म्हणून दाखवू नका, त्यात बारीक स्थायू आणि द्रव कण असतात. किटलीच्या तोंडाशी दिसणारी पांढरी वाफही अशीच फसवी : दिसते ते पाण्याचे बारीक थेंब असतात, खरी वाफ दिसत नाही. म्हणून वायूच्या कडव्यात “धूर”, “ढग”, “पांढरी वाफ” हे यमकाला फार सोपे शब्द मी घेतलेले नाहीत. “हलका, वजन नसलेला वायू” हेही नको. वायूला वस्तुमान असते.

सहा ओळी ठेवायच्या की चार, हे तुमच्या वर्गावर अवलंबून आहे. मुलांना कणांची कल्पना अजून दिली नसेल तर मधल्या दोन ओळी सरळ गाळा. उरलेल्या चार ओळी तरीही तिन्ही अवस्था वेगळ्या ओळखायला पुरतात : आकारही ठरलेला आणि आकारमानही, तो स्थायू, आकार नाही पण आकारमान ठरलेले, तो द्रव, दोन्ही ठरलेले नाही, तो वायू. कण शिकवल्यावर मधल्या ओळी जोडा. वर्ग सेमी इंग्रजीचा असेल तर कवितेत इंग्रजी संज्ञा कोंबू नका, मात्रा मोडतात. शीर्षकाच्या शेजारी त्या लिहिल्या की झाले.

पाठ झाल्यावर वर्गातले चलाख मूल दोन प्रश्न हमखास विचारते. पहिला वाळूचा. वाळू ओतता येते, पेल्यात पेल्याचा आकार घेते, मग ती द्रव का नाही? एक कण चिमटीत धरायला सांगा. तो पेल्यात टाका, परातीत टाका, त्याचा आकार तोच राहतो. शिवाय परातीत ओतलेल्या वाळूचा ढीग होतो, पाण्याचा होत नाही. दुसरा प्रश्न स्पंजचा. तो स्थायू असून दाबल्यावर लहान कसा होतो? भोकांतली हवा बाहेर जाते म्हणून. स्पंज पाण्याखाली धरून दाबला की बुडबुडे दिसतात. हे अपवाद कडव्यांत घालायचा मोह टाळा. कडवे नियमासाठी आहे, अपवाद बोलून सांगता येतो.

मुलांना स्वतः लिहायला द्यायचे असेल तर फक्त पहिल्या दोन ओळी बदलू द्या, बाकी चार तशाच ठेवा. मात्रा मोजायचे ओझे नको. चार टाळ्यांत ओळ बसली की बसली. एखादे मूल वायूसाठी “फुग्यात भरतो” असे लिहील. म्हणताना ते पायरी चुकल्यासारखे वाटेल, कारण फु वर ग्या चा आघात येऊन नऊ मात्रा होतात. “फुगा फुगवितो” केले की आठ होतात. आता उरलेल्या अर्ध्या ओळीत फुगा फुटल्यावर तो वायू कुठे गेला ते त्यालाच शोधू द्या.